अकरा पिंपळगावं आणि सात मिनिटं

आमच्या ऑफिसात जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल मागायला आलेला माणूस दारातच विचारतो, "कडुबामामा कुठंयत?"

दाराजवळ मी बसतो. माझ्या टेबलावर पाटी आहे: श्री. गोकुळ काळे, कनिष्ठ लिपिक, अभिलेख कक्ष. पाटीखाली माझा कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्यात जिल्ह्यातल्या जुन्या कागदांची सगळी यादी आहे. पण माणूस पाटी वाचतो, माझ्याकडं बघतो, आणि पुन्हा विचारतो, "मामा जेवायला गेले का? थांबतो मग."

चार वर्षं मी हे ऐकत आलोय. म्हणजे मी काही वाईट माणूस नाही. सोयगावच्या शाळेत वक्तृत्वाच्या सात ढाली माझ्या नावावर आहेत. स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागलोय. आणि माझ्या समोरून माणसं चालत जातात ती कुणाकडं? तर पगारपत्रकात ज्याच्या नावापुढं 'शिपाई' लिहिलंय, त्या माणसाकडं.

कडुबा साळवे म्हणजे अंगानं सुतळीसारखा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला निळा पेन, आणि धुळीसाठी नाकावर बांधायचा एक रुमाल, जो बहुतेक वेळा हनुवटीवर असायचा. ते कागद आधी बोटांनी चोळून बघायचे, मग वाचायचे. निजामाच्या काळातले उर्दू कागदही वाचायचे. नवे लागले होते तेव्हा एका रिटायर होत आलेल्या दफ्तरबंदांकडून रोज जेवणाच्या सुट्टीत शिकले, म्हणे. आमच्यासारखे जेवणाच्या सुट्टीत जेवतात.

त्यांची कागद शोधायची पद्धत तर मला चीडच आणायची. मी माणसाला विचारणार, "गाव? तालुका? गट नंबर? जुना सर्व्हे नंबर?" माणूस घाबरून जाणार. मामा विचारणार, "बाबा, तुमच्या विहिरीला शेजार कुणाचा?" माणूस खुलणार. शेजाऱ्याचं नाव, शेजाऱ्याच्या आजाचं नाव, बांधावरच्या भांडणाची सगळी हकिकत सांगणार. ती संपेपर्यंत मामा आतून कागदांचा बस्ता काढून आणणार. लाल कापडात बांधलेला, गाठ सोडलेली, आणि बोट बरोब्बर त्या पानावर. माझ्या कॉम्प्युटरवर तोवर एक चकती फिरत असायची.

साहेबसुद्धा त्यांना 'कडुबाजी' म्हणायचे. मला 'अहो काळे'.

तर असे हे मामा यंदा मे महिन्यात रिटायर होणार होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्यांची जन्मतारीख एक जून टाकली होती. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची टाकली होती तशीच. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुटतो, म्हणून एकतीस मे. एकतीसला शनिवार, ऑफिस बंद. म्हणून कार्यक्रम शुक्रवारी, तीस तारखेला ठरला.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "अहो काळे, सहकाऱ्यांच्या वतीनं तुम्ही बोला. तुम्ही वक्ते आहात. जरा मायेचं, थोडं हसवणारं. शेवटी मी अध्यक्षीय बोलतोच."

मी 'हो' म्हणालो, आणि बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या. खरं सांगतो, मामांसाठी नव्हे. मला वाटलं, चला, चार वर्षांत एकदा का होईना, हे सगळे लोक एका खोलीत बसून माझ्याकडं बघतील.

त्या दिवशी मी चार पानं लिहिली. सुरुवात 'व्यासपीठावर विराजमान' अशी, मग सात जणांची नावं पदासकट. मग सूर्यास्त. मग वटवृक्ष. मग आमचं अभिलेख कक्षाचं डिजिटायझेशन, त्यातला माझा वाटा, आणि त्या कामात 'मामांचंही सहकार्य'. मग तीन विनोद: एक त्यांच्या बारीक अंगावर, एक त्यांना माऊस धरता येत नाही यावर, आणि एक, आता घरी मामी काय काय कामं लावतील यावर. शेवटी 'आपल्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी'.

अमृता मॅडमना ते वाचून दाखवलं. मॅडम आस्थापनेवर बसतात. वीस-बावीस वर्षांत त्यांनी इतके निरोप समारंभ लावलेत, की हार कुठल्या दुकानातून आणला तर मुंग्या निघत नाहीत हेसुद्धा त्यांना माहीत आहे. मी वाचत होतो तोवर त्या पेन्सिलीनं कागदावर रेघा मारत होत्या. मला वाटलं, आवडलेल्या ओळींच्या असतील.

"सव्वीस," त्या म्हणाल्या.

"काय मॅडम?"

"'मी' आणि 'माझं' मिळून. आणि 'मामा' अकरा. रिटायर कोण होतंय, गोकुळ?"

मी हसायचा प्रयत्न केला.

"विनोदावर कोण हसेल सांगू? हॉलमधले पोट सुटलेले हसतील. मामा हसणार नाहीत. अरे, ज्याच्यावर विनोद आहे तो सगळ्यात आधी हसला पाहिजे, नाहीतर ती टिंगल. माणसाचं अंग, वय, पगार, दुखणं, यातलं काही धरायचं नाही. त्याची जी खोड त्याला स्वतःलाच आवडते, ती धर. नाहीतर विनोद स्वतःवर कर, तो फुकट असतो."

"आणि वटवृक्ष?"

"गेल्या वर्षी तिघं रिटायर झाले. तिघंही वटवृक्ष होते. जंगल झालंय ऑफिसचं." त्यांनी माझी चार पानं उलटी ठेवली. "सात मिनिटं. त्याच्यापुढं पंखे मोजतात लोक. सगळी नावं सूत्रसंचालक घेणारच आहे, तू फक्त साहेबांना नमस्कार कर आणि थेट मामांकडं बघून सुरू कर. दहा गुण सांगू नको, दोन गोष्टी सांग, पूर्ण सांग. 'आता आराम करा' म्हणू नको, धडधाकट माणसाला ते लागतं. पोकळी बिकळी काही नाही. आणि लिहून वाच पण मुद्दे लिही, मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला. पान उलटताना वक्ता भित्रा दिसतो."

"मग गोष्टी कुठून आणू?"

"विचार लोकांना. आणि मामींना जाऊन भेट. भाषण खरं त्यांच्यासाठी असतं. माणूस चौतीस वर्षं सकाळी डबा घेऊन जातो, आणि काय करून येतो हे बायकोला पहिल्यांदा त्या दिवशी कळतं. आणि हो, नारळ नाही आणायचा. मामांनी सांगितलंय, शाल आणि संविधानाची प्रत द्या. तू भाषणात 'श्रीफळ' म्हणून बसशील."

माझ्या चौथ्या पानावर 'श्रीफळ' होतंच.

मग मी दोन दिवस गोष्टी गोळा केल्या. चूक केली असं वाटलं. ज्याला विचारावं तो खुर्ची ओढून सुरू. कुणाच्या बहिणीची जमीन, कुणाच्या गावची स्मशानाची वाट, कुणाला पहिल्या दिवशी मामांनी डब्यातली भाकरी दिली. मी वहीत लिहीत होतो आणि आतून जळत होतो. माझ्या निरोपाला, म्हणजे अजून एकतीस वर्षांनी, लोक काय सांगतील? 'वेळेवर यायचे' एवढं सांगतील. तेही साहेब सांगतील, बायोमेट्रिक बघून.

बुधवारी संध्याकाळी चिकलठाण्याच्या अलीकडं मामांच्या घरी गेलो. मामा कुठल्याशा लग्नाच्या बोलणीला गेले होते. बरंच झालं. केसरबाई मामी दारात बसून गवार मोडत होत्या.

"जयभीम मामी. मी गोकुळ, ऑफिसातला."

"जयभीम. या, बसा. गोकुळ म्हंजे त्ये मशीनवाले?" त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "लई नाव घेत्यात तुमचं. गोकुळसाहेब असं, गोकुळसाहेब तसं."

मी सुखावलो. थोडंसंच.

"मामी, भाषण करायचंय मामांवर. घरचं काही सांगा. गमतीचं."

"घरचं?" त्या हसल्या. "घरी काय करत्यात व्हय ते! कोथमिरीला धाडलं तर गुलमंडीपर्यंत जाऊन सुतळी घेऊन येत्यात. म्हनत्यात, बाजारात असली पक्की सुतळी पुन्हा मिळनार नाय. घरात कोथमीर नाय, सुतळीचे गठ्ठे हायेत पलंगाखाली. म्या म्हनलं, आता फाशीच घ्यावी का काय."

मी पटापट लिहून घेतलं. ती सुतळी कशासाठी ते मला माहीत होतं. सरकारी सुतळी दोन महिन्यांत तुटते, बस्ता सुटतो. गेली कित्येक वर्षं आमचे बस्ते मामांच्या सुतळीनं बांधलेले आहेत.

मामींनी गवारीची पाटी बाजूला सारली आणि आवाज खाली आणला. "आता तुमी आलेच हायेत तर एक इचारते. खरं सांगाल?"

"विचारा की."

"परवाच्या नाय, त्याच्या आदल्या दिवाळीपूर्वी दोन महिने हा मानूस रोज साडेआठ-नऊला घरी यायचा. तुमचं हापिस कवा सुटतं?"

"सव्वासहाला."

"बघा! म्या इचारलं, कुठं व्हते? तर म्हनायचे, काम व्हतं. शेजारचा पोरगा तिकडून येतो, तो म्हनला, हापिस तर बंद असतंय. म्या पुन्हा इचारलं, तर म्हनले, केसर, ते सांगन्यासारखं नाय. सांगन्यासारखं नाय म्हंजे?" त्यांनी गवारीची एक शेंग कडकन मोडली. "येताना हातपाय धुवून यायचे. कपड्याला वास मातर येगळाच. साठीला आलेला मानूस. म्या कुनाला बोलले नाय. पन दोन महिने झोप नाय मला. अजूनबी आठवलं की पोटात आग व्हती. कोन व्हती ती? तुमाला म्हाईत असंल तर सांगा."

मला माहीत होतं.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "मामी, मी बघतो विचारून." चहा घेतला आणि पळालो.

ती गोष्ट अशी. त्या वर्षी जुने कागद स्कॅन करायचं काम निघालं, आणि साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं. रॅकवर बस्ते कसे लावलेत ते मी पाहिलं तर काही क्रमच नाही. अ नाही, ब नाही. मामा म्हणाले, "हे गाव त्या गावाला लागून हाय, म्हनून शेजारी ठिवलंय. जुन्या मोजनीवाल्यांचा फेरा जसा गेला तसे बस्ते हायेत." मला ते अडाणीपणाचं वाटलं. मामा चार दिवस रजेवर गेले, तेवढ्यात मी स्कॅनिंगवाल्या पोरांना लावून सगळे बस्ते सोडले आणि बाराखडीप्रमाणं नवीन बांधले. एका नावाचे कागद एकत्र. फार सुबक दिसत होतं.

आता ज्याचं बालपण सोयगावात गेलंय त्याला तरी हे कळायला हवं होतं, की आपल्याकडं पिंपळगाव नावाची गावं किती असतात. आमच्या रेकॉर्डला अकरा होती. प्रत्येक पानावर फक्त 'पिंपळगाव' लिहिलेलं. कुठलं पिंपळगाव, ते पानावर नव्हतं, ते बस्त्याच्या जागेवर होतं. ती जागाच मी मोडली होती. अकरा गावांची हजारो पानं एका ढिगात, पत्त्यांसारखी पिसून.

मामा रजेवरून आले, रॅकसमोर उभे राहिले. रुमाल हनुवटीवरून नाकावर घेतला. मला वाटलं, आता हे साहेबांकडं जाणार. ते म्हणाले, "गोकुळसाहेब, किल्ली माझ्याकडं राहू द्या संध्याकाळची." बस्स.

मग दोन महिने ते सव्वासहानंतर एकटे बसले. कुठल्या पटवाऱ्याचं अक्षर कसं, कुणाची शाई तांबूस, कुणाचा कागद जाड, घडी कुठं पडलीय, यावरून पान पान वेगळं केलं. मी दोनदा डोकावलो. एकदा म्हणालोही, "मी थांबू का?" ते म्हणाले, "तुमाला अक्षरं ओळखू येनार नाय. जावा घरी." मला त्याचाही राग आला. मदत नाकारली म्हणून नव्हे. खरंच ओळखू आली नसती म्हणून.

आणि पुढच्या एक मेला, महाराष्ट्र दिनी, उत्कृष्ट डिजिटायझेशनचं प्रशस्तिपत्रक कुणाला मिळालं? मला. मामा पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांनी मला जितकी जळजळ झाली तितकी कुणाच्या शिव्यांनीही झाली नसती. एखादा माणूस चांगला आहे म्हणून त्याच्यावर जळणं, हे फार अवघड काम आहे. दुसरं कुणी साथच देत नाही.

गुरुवारी मी अमृता मॅडमना सगळं सांगितलं.

"हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मामींना फोन करून सांगून टाक."

"सांगतो. पण मॅडम, दुसरी गोष्ट मिळत नाहीये. सुतळी एक झाली. बाकीच्या सगळ्या दुसऱ्यांच्या आहेत."

मॅडमनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "साहेबांसमोर सांगशील?"

मामींना फोन काही केला नाही. रात्री झोपताना ठरवलं, सभेत नाही सांगायचं. सकाळी दाढी करताना ठरवलं, सांगायचं. कारणं दोन होती. एक, मामींचा तो शेंग मोडायचा आवाज. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण लिहितो: ती गोष्टच सगळ्यात चांगली होती. दुसऱ्या कुणाकडं नव्हती. सात ढाली मिळवलेल्या माणसाला चांगली गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

शुक्रवारी चार वाजता सभागृह भरलं. बाहेर ऊन असं, की कुलर नुसता वारा करत होता, थंड काही करत नव्हता. मामा नव्या सदऱ्यात अवघडून बसलेले. मामी शेजारी, निळी साडी, पदर घट्ट धरलेला, आणि नजर हॉलमधल्या एकेका बाईवरून फिरत होती. ऑफिसातल्या सगळ्या बायका त्यांनी मोजल्या. अमृता मॅडमवर जरा जास्त वेळ थांबल्या. मला घाम फुटला.

शाल झाली, संविधानाची प्रत झाली, मामींना साडी झाली. संघटनेचे बोलले, त्यात मागण्याच जास्त होत्या. मग माझं नाव पुकारलं. मी कागद घेतला, एकच, एका बाजूला लिहिलेला. साहेबांना नमस्कार केला आणि मामांकडं वळलो.

"मामा, चार वर्षं लोक माझ्या टेबलापाशी येऊन तुमचा पत्ता विचारतात. आज पहिल्यांदा सगळे माझ्याकडं बघून बसलेत. तेही तुमच्यामुळंच. म्हणजे आजसुद्धा तुम्ही मला सोडलं नाही."

हसू आलं. मामा आधी हसले, हे मी बघून घेतलं.

"मामी, हे तुमच्यासाठी सांगतो. मामा ऑफिसात काय करतात? लोक म्हणतील, बस्ते उचलतात. बस्ते तर मीही उचलतो. एखादा म्हातारा माणूस येतो, त्याच्या आजोबाची जमीन कुणीतरी आपली म्हणत असतं, आणि ती त्याची आहे हे सांगणारा अख्ख्या जगात एकच कागद असतो. तो कागद कुठं आहे हे अख्ख्या जगात एकाच माणसाला माहीत असतं. तो माणूस तुम्ही कोथिंबिरीला धाडता, आणि तो सुतळी आणतो."

आता हॉल हसला, आणि मामींनी पदर तोंडाला लावला. मामा मान खाली घालून हसत होते, कान लाल.

"ती सुतळी तुमच्या पलंगाखाली आहे असं तुम्हाला वाटतं. अर्धी तिथं आहे. अर्ध्या सुतळीनं या जिल्ह्यातल्या जमिनी बांधल्यात. सरकारनं दिलेली तुटते, मामांची तुटत नाही."

टाळ्या. इथं थांबलो असतो तर चाललं असतं. चार मिनिटं झाली होती. मॅडमनी मागच्या रांगेतून बोटं दाखवली: तीन.

"आता दुसरी गोष्ट. मला एक मेला एक प्रशस्तिपत्रक मिळालंय. फ्रेम करून घरी लावलंय. त्याच्याआधी काय झालं होतं ते सांगतो." साहेब टेकून बसले होते, ते सरळ झाले. "मामा रजेवर असताना मी सगळे बस्ते सोडून बाराखडीनं लावले. हुशारीनं. आपल्याकडं अकरा पिंपळगावं आहेत हे मी विसरलो. मी अकरा गावांचं एकच गाव करून टाकलं. एवढी गावं एक करायला पुढाऱ्यांनाही जमलेलं नाही."

असं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सातही ढालींना मिळून आलं नव्हतं. फक्त साहेब हसत नव्हते, आणि मामी हसत नव्हत्या.

"मामांनी कुणाला सांगितलं नाही. साहेबांना नाही, मॅडमना नाही. दिवाळीआधीचे दोन महिने, ऑफिस सुटल्यावर, रोज रात्री आठपर्यंत, दार लोटून, एकटे बसून, अकरा पिंपळगावं वेगळी केली. मामी, कपड्याला यायचा तो वास जुन्या कागदाचा होता. आणि मामांनी घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझं नाव सांगावं लागलं असतं."

मी कागदाकडं बघितलं. शेवटचं वाक्य पाठ होतं, चांगलं होतं, टाळ्यांचं होतं. पण मामा माझ्याकडं बघत नव्हते. ते मामींकडं बघत होते, आणि मामी त्यांच्याकडं. मग मी नुसतं म्हणालो, "मामा, तेव्हा म्हणायचं राहिलं होतं. आभारी आहे," आणि खाली बसलो. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

टाळ्या लांब चालल्या. साहेब वाकून कानाशी म्हणाले, "काळे, सोमवारी भेटा," आणि टाळ्या वाजवत राहिले. मी म्हटलं, होऊ दे. आजचा दिवस तर माझा झाला.

मग मामा सत्काराला उत्तर द्यायला उठले. माईक हातात घ्यायचा कसा ते कळेना, तो त्यांनी बस्त्यासारखा दोन्ही हातांत धरला.

"मला बोलता येत नाय. गोकुळसाहेब बोलले ते खरंय. पन एक चुकलं त्यांचं. अकरा नव्हती. बारा व्हती. बारावं पिंपळगाव अजून सापडलं नाय. तीस-पस्तीस पानांचंच हाय. म्या लई शोधलं. आता ते गोकुळसाहेबांनी काढायचं. शाई तांबूस हाय, आन लिव्हनारा 'प'चं पोट लई मोठं काढतो. एवढंच. जयभीम."

आणि हॉल उभा राहिला. सगळा. माझ्या टाळ्या बसून झाल्या होत्या, यांच्या उभ्यानं. सहा मिनिटं चाळीस सेकंद मी घाम गाळला, आणि या माणसानं पाऊण मिनिटात, शाईचा रंग सांगून, सगळं घेऊन टाकलं. मी टाळ्या वाजवत होतो आणि दात खात होतो. दोन्ही एकदम जमतं, करून बघा.

साउंडवाला वायर गुंडाळायला आला. मी सहज त्याच्यासमोर उभा राहिलो. काहीतरी म्हणेल म्हणून.

"क्या बोले यार मामा!" तो म्हणाला. "तुमी जरा सरका, तुमच्या पायाखाली वायर हाय."

तेवढ्यात केसरबाई मामी गर्दीतून वाट काढत आल्या. मला वाटलं, आशीर्वाद देणार. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे ती तुमीच व्हय!"

"कोण मामी?"

"दोन महिने म्या जिच्यावर जळले ती! काय काय शिव्या दिल्या म्या तिला मनात. तिच्या सात पिढ्या काढल्या." हसताना त्यांचे डोळे भरले होते. "त्या सगळ्या तुमाला लागल्या असतील, भाऊ."

"लागल्या मामी," मी म्हणालो. "चार वर्षं झोप नाही मलापण. माणूस एकच आहे."

मामींनी मागं वळून मामांना हाक मारली, "अवो, चला. ती खोली दाखवा मला. आन या तुमच्या साहेबालाबी घ्या संगं, त्याला 'प' दाखवा."

मामांनी खिशातून किल्ली काढली. रुमाल नाकावर घेतला, दुसरा एक धुतलेला खिशातून काढून मामींना दिला. माझ्यासाठी तिसरा नव्हता.